मंजूर झालेली रजा मालकाला रद्द करता येते का? कोल्हापूर परिसरातील कारखाना कामगारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री, मशीन शॉप आणि इतर कारखान्यांत काम करणाऱ्या कामगारांच्या भरपगारी वार्षिक रजेपुरती ही माहिती आहे. रजेचा अर्ज मंजूर झाला, तिकिटे काढली, आणि मग टाइम ऑफिसमधून "रजा रद्द झाली आहे, कामावर या" असा निरोप आला, तर कामगाराची बाजू कायद्याने नेमकी कुठे भक्कम असते आणि कुठे कमकुवत असते, एवढाच येथे विषय आहे. दुकाने, कार्यालये आणि सरकारी नोकरी यांचे नियम वेगळे असल्याने त्यांचा उल्लेख शेवटी थोडक्यात केला आहे.

मंजूर केलेली रजा कारखान्याला रद्द करता येते का?

बहुतेक वेळा करता येते, पण कशीही करता येत नाही. "मंजुरीनंतर मालकाला रजा रद्द करता येणार नाही" असे सरसकट सांगणारे कलम कायद्यात नाही. त्याचबरोबर "मालक वाटेल तेव्हा कामगाराला रजेवरून परत बोलावू शकतो" असे सांगणारे कलमही नाही. या दोन टोकांच्या मधली जागा तीन गोष्टींनी भरली जाते: रजेचा कायदा, कारखान्याला लागू असलेले स्थायी आदेश म्हणजे नोकरीच्या अटींचे व शिस्तीचे लेखी नियम, आणि तुमचे नेमणूकपत्र किंवा युनियनशी झालेला करार. म्हणून कोणीही "साहेबांचा अधिकारच आहे" असे म्हटले, तर तो अधिकार यांपैकी कोणत्या कागदात लिहिला आहे, हे आधी विचारावे.

एक भेद मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवावा. रजा कधी घ्यायची यावर व्यवस्थापनाचे काही नियंत्रण असते, परंतु रजा मिळण्याचा हक्क हा कामगाराने वर्षभर काम करून कमावलेला असतो. त्यामुळे रजा रद्द होते तेव्हा फक्त तिची तारीख रद्द होते. कमावलेले दिवस रद्द होत नाहीत, आणि ते खात्यावर परत जमा झालेच पाहिजेत.

आता कोणता कायदा लागू आहे?

अनेक वर्षे या विषयाचा आधार कारखाने अधिनियम, 1948 मधील कलम 79 हा होता. त्यात वर्षात किमान 240 दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवस भरपगारी रजा होती. अर्ज रजेच्या किमान 15 दिवस आधी लेखी द्यावा लागे, आणि असा वेळेत दिलेला अर्ज केवळ कारखान्याने ठरवून जाहीर केलेल्या रजेच्या योजनेनुसारच नाकारता येत असे. म्हणजे मॅनेजरच्या मर्जीवर नव्हे, तर फलकावर लावलेल्या योजनेवर नकार टिकवावा लागे.

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, 2020 लागू झाली आणि 1948 चा अधिनियम तिच्यात सामावला गेला. संहितेच्या कलम 32 मध्ये 20 दिवसांमागे 1 दिवस हे प्रमाण तसेच आहे, मात्र पात्रतेची अट 240 दिवसांवरून 180 दिवसांवर आली आहे. न घेतलेली रजा पुढच्या वर्षात जास्तीत जास्त 30 दिवसांपर्यंत नेता येते. आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची तरतूद यापुढे येते: कामगाराने रजा मागितली आणि ती दिली गेली नाही, तर अशी नाकारलेली रजा पुढे नेण्यास 30 दिवसांची मर्यादा लागत नाही. ही तरतूद 1948 च्या कायद्यातही होती.

जुन्या कायद्याखालचे नियम, योजना आणि स्थायी आदेश संहितेशी विसंगत नसतील तेवढे पुढे चालू राहतात. त्यामुळे आपल्या कारखान्यात रजेची योजना किंवा प्रमाणित स्थायी आदेश असतील, तर ते जुने झाले म्हणून बाजूला टाकू नयेत. त्यांची प्रत मागून घ्यावी आणि रजेचे कलम स्वतः वाचावे.

मी सुपरवायझर आहे. मला हे लागू होते का?

संहितेत कामगार या व्याख्येतून व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे वगळले आहेत, आणि दरमहा 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षकही वगळले आहेत. पद कोणते लिहिले आहे यापेक्षा काम कोणते करता हे पाहिले जाते. मोल्डिंग, फेटलिंग किंवा भट्टीवर स्वतः हाताने काम करणाऱ्या कुशल कामगाराला वेतनाची ही मर्यादा लागत नाही, मग त्याच्या ओळखपत्रावर "सुपरवायझर" छापलेले असले तरी. जे खरोखरच वगळले जातात, त्यांचा आधार मुख्यतः नेमणूकपत्र आणि कंपनीचे रजेचे धोरण हा असतो.

कोणत्या कारणासाठी रजा रद्द करणे योग्य ठरते?

या प्रश्नाचे उत्तर स्थायी आदेशांतील एका शब्दप्रयोगाभोवती फिरते. वरिष्ठाच्या "कायदेशीर व वाजवी" आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा ही गैरवर्तणूक मानली जाते. म्हणून परत बोलावण्याचा आदेश न पाळल्याबद्दल कारवाई करायची, तर तो आदेश कायदेशीरही होता आणि वाजवीही होता, हे व्यवस्थापनाला दाखवावे लागते. वाद जवळजवळ नेहमी दुसऱ्या शब्दावर होतो.

वाजवीपणा ठरवताना पहिला प्रश्न असा की अडचण अचानक आली की आधीच दिसत होती. इंडक्शन भट्टीच्या अस्तरातून धातू गळू लागला, किंवा त्या शिफ्टचा दुसरा भट्टी ऑपरेटर अपघातात जखमी झाला, ही रजा मंजूर करताना कोणालाही न दिसणारी कारणे आहेत. याउलट साखर कारखान्याचा गळीत हंगाम दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येतो. हंगामात माणसे लागतात हे माहीत असूनही ज्याने रजा मंजूर केली, त्याला हंगाम सुरू झाल्यावर "काम वाढले" हे कारण फार काळ टिकवता येत नाही. मार्च अखेरीस ग्राहकाला माल पोहोचवायचा आहे, हेही बहुधा मंजुरीच्या दिवशी माहीत असते.

दुसरा प्रश्न असा की ते काम तुमच्यावाचून होण्यासारखे होते का. बदली कामगार उपलब्ध असेल, दुसऱ्या शिफ्टमधील माणसाला जादा कामावर घेता येत असेल, किंवा ज्याला परत बोलावले त्याला प्रत्यक्षात वेगळ्याच कामावर लावले असेल, तर गरजेचा दावा ढासळतो. परत आल्यावर आपल्याला नेमक्या कोणत्या कामावर लावले गेले, हे म्हणूनच नोंदवून ठेवावे. भट्टीसाठी बोलावलेल्या माणसाला जर आठवडाभर यार्डात माल मोजायला उभे केले, तर हजेरीपटातील आणि काम वाटपाच्या वहीतील ती नोंद कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक बोलते.

तिसरा प्रश्न रजेच्या कारणाचा आहे. घरातील मयत, स्वतःचे किंवा जवळच्याचे ऑपरेशन, मुलीचे लग्न यांसारख्या पुढे न ढकलता येणाऱ्या प्रसंगासाठीची रजा आणि पर्यटनाची रजा, दोन्ही कायद्याने भरपगारी रजाच आहेत. मात्र आदेश वाजवी होता की नाही हे तोलताना त्यांचे वजन सारखे नसते. त्यामुळे अर्जात "घरगुती कारणासाठी" एवढेच लिहिण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती कामगाराचेच नुकसान करते. कारण स्पष्ट लिहावे.

चौथी गोष्ट समानतेची. रजा रद्द होण्याचे नाव प्रत्येक वेळी एकाच कामगाराचे, विशेषतः युनियनच्या कामात पुढे असलेल्याचे, येत असेल, तर कारण कितीही खरे दिसले तरी त्यामागे आकस आहे का, हे तपासण्यास जागा राहते.

रजा सुरू होण्याआधी रद्द करणे आणि सुरू झाल्यावर परत बोलावणे, यांत फरक आहे का?

कायद्याच्या शब्दांत तो फारसा दिसत नाही, पण वाजवीपणाच्या कसोटीवर तो मोठा आहे. रजा आठ दिवसांवर असताना ती पुढे ढकलली, तर कामगाराचे नियोजन बिघडते. तो परगावी गेल्यावर त्याला बोलावले, तर प्रवास, कुटुंब, खर्च आणि विश्रांती या सगळ्यांवर एकदम आघात होतो, आणि म्हणून त्यासाठीचे कारणही तितकेच गंभीर असायला हवे. माझ्या मते रजेवर गेलेल्या माणसाला परत बोलावण्याचा खर्च कारखान्यानेच सोसला पाहिजे. कायदा खाजगी कारखान्याच्या बाबतीत हे स्पष्टपणे सांगत नाही, ही त्यातील मोठी उणीव आहे.

केंद्रीय नमुना स्थायी आदेशांत रजा नाकारली किंवा पुढे ढकलली, तर त्याची कारणांसह नोंद रजिस्टरमध्ये करावी आणि कामगाराने मागितल्यास तिची प्रत द्यावी, अशी तरतूद राहिली आहे. आपल्या स्थायी आदेशांत अशी तरतूद असेल, तर रजा रद्द झाल्याच्या दिवशीच ती प्रत लेखी मागावी. महिन्यानंतर मागितलेल्या प्रतीत कारणाचे वर्णन बदललेले असण्याचा धोका असतो.

मला रजेच्या मधूनच परत बोलावले. दिवसांचा आणि पगाराचा हिशेब कसा होतो?

हा हिशेब सर्वांत जास्त वेळा चुकतो, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू.

समजा, शिरोलीतील एका फाउंड्रीत भट्टीवर काम करणाऱ्या कामगाराने गेल्या वर्षी 286 दिवस काम केले. 286 ला 20 ने भागले की 14.3 येतात. अर्ध्या दिवसापेक्षा कमी अपूर्णांक सोडून दिला जातो, म्हणून त्याला 14 दिवस मिळाले. आधीच्या वर्षाची 6 दिवसांची रजा शिल्लक होती. एकूण 20 दिवस झाले. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी आहे. त्याने मंगळवारपासून पुढच्या आठवड्यातील गुरुवारपर्यंत रजा घेतली. मधला सोमवार सुट्टीचा असल्याने तो रजेत धरला जात नाही. रजेच्या मध्ये किंवा टोकाला येणाऱ्या सुट्ट्या रजेच्या दिवसांत मोजायच्या नसतात. म्हणून रजा झाली 6 अधिक 3, म्हणजे 9 दिवस, आणि खात्यावर उरले 11. त्याचे सरासरी रोजचे वेतन 750 रुपये धरले, तर रजेचे वेतन 6,750 रुपये झाले. हे वेतन त्याला जाण्यापूर्वीच मिळाले होते, कारण 1948 च्या कायद्यात चार दिवसांहून कमी नसलेल्या रजेचे वेतन आगाऊ देण्याची तरतूद होती आणि अनेक कारखान्यांनी ती पद्धत तशीच चालू ठेवली आहे.

तो कुटुंबासह हरिप्रिया एक्सप्रेसने तिरुपतीला गेला. शुक्रवारी सकाळी फोन आला की दुसरा ऑपरेटर भाजल्यामुळे रुग्णालयात आहे, रविवारी सकाळच्या पाळीला या. शुक्रवारी रात्री निघून तो शनिवारी कोल्हापुरात उतरला आणि रविवारी कामावर हजर झाला.

आता मंगळवार ते शुक्रवार हे 4 दिवस निर्विवादपणे रजेचे आहेत. रविवार आणि पुढचे मंगळवार, बुधवार, गुरुवार असे 4 दिवस त्याने काम केले, म्हणून ते रजेत धरता येत नाहीत आणि खात्यावर परत जमा झाले पाहिजेत. शिल्लक 11 वरून 15 होईल. या 4 दिवसांचे रजा वेतन 3,000 रुपये त्याला आगाऊ मिळाले आहे, त्यामुळे ते त्याच दिवसांच्या कामाच्या पगारात वळते केले जाईल आणि हाती जादा रक्कम येणार नाही. हे योग्य आहे. अयोग्य काय आहे, तर पगार वळता करून घ्यायचा आणि रजेचे 4 दिवस मात्र वापरलेलेच दाखवायचे. तसे झाले तर कारखान्याला त्याच्या रजेचे 4 दिवस फुकट मिळतात. पगारपत्रकात रक्कम बरोबर दिसत असल्याने ही चूक कामगाराच्या लक्षात येत नाही. ती फक्त रजेच्या पुस्तकात दिसते. म्हणून परत आल्यावर पगारपत्रकाबरोबरच रजेच्या पुस्तकातील शिल्लक पाहावी.

राहिला शनिवार, म्हणजे परतीच्या प्रवासाचा दिवस. तो रजेचा की कामाचा, याविषयी कारखान्यांच्या कायद्यात सरळ उत्तर नाही. म्हणून परत येण्यास होकार देतानाच "शनिवार कामाचा दिवस धरावा" अशी मागणी लेखी करावी. ती मान्य झाली तर शिल्लक 16 होईल.

सोमवारीही काम करायला सांगितले असेल, तर त्या बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत मिळाली पाहिजे. ती रजेपासून वेगळी आहे. रजेचे दिवस परत दिले म्हणून बदली सुट्टी दिली गेली असे होत नाही.

वर्षअखेरीला परत बोलावले आणि शिल्लक 30 दिवसांच्या वर गेली तर?

समजा शिल्लक 34 झाली आणि त्यांतील 4 दिवस परत बोलावण्यामुळे न मिळालेले आहेत. साधारण नियमाने 30 दिवसच पुढे जातात. पण मागूनही न दिलेल्या रजेला मर्यादा नाही, त्यामुळे 34 च्या 34 दिवस पुढे नेण्याची मागणी करता येते. संहितेनुसार कामगाराला वर्षअखेरीस मागणी करून रजेचे रोखीकरणही करता येते, आणि 30 दिवसांवरची रजा रोखीत घेण्याचा पर्याय असतो. यांतील कोणताही मार्ग धरण्यासाठी एकच पुरावा लागतो: ते 4 दिवस तुम्ही सोडले नाहीत, तुम्हाला ते दिले गेले नाहीत. रजा रद्द करण्याचा आदेश लेखी असावा असा आग्रह धरण्याचे हे सर्वांत व्यावहारिक कारण आहे.

तिकिटांचे आणि हॉटेलचे पैसे बुडाले. ते कोण देणार?

खाजगी कारखान्याने ते द्यावेत असे रजेच्या कायद्यात म्हटलेले नाही. नेमणूकपत्रात, युनियनच्या करारात किंवा कंपनीच्या धोरणात तरतूद असेल, तर ती हक्काने मागता येते. नसेल, तर तत्त्वतः भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 खाली नुकसानभरपाईचा दावा करता येतो, पण त्यासाठी मालकाने करार मोडला हे आधी सिद्ध करावे लागते, आणि दहा-बारा हजारांसाठी दिवाणी दावा लढणे बहुतेकांना परवडत नाही. त्यामुळे खरी वेळ असते ती होकार देण्याच्या आधीची. व्यवस्थापनाला तुमची तातडीने गरज असते त्या क्षणीच खर्चाचा आकडा लिहून पाठवावा आणि "ही रक्कम भरून मिळेल हे कळवावे" असे विचारावे. गरज संपल्यावर केलेल्या मागणीला फार कमी ठिकाणी प्रतिसाद मिळतो. रेल्वेचे तिकीट गाडी सुटण्याची वेळ जवळ येईल तसे कमी परतावा देते, म्हणून रजा रद्द झाल्याची वेळ आणि तिकीट रद्द केल्याची वेळ दोन्हींची नोंद ठेवावी.

फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर परत बोलावणे ग्राह्य आहे का? फोन बंद असेल तर?

परत बोलावण्याचा आदेश अमुकच स्वरूपात हवा असे कायद्यात नाही, त्यामुळे स्थायी आदेशांत वेगळे काही नसेल तर व्हॉट्सअॅपवरचा संदेशही आदेश ठरू शकतो. केवळ "पत्र आले नाही" म्हणून तो दुर्लक्षित करू नये. तोंडी फोन आला, तर लगेच त्याच क्रमांकावर लेखी उत्तर पाठवावे: कोणी, किती वाजता, कोणत्या कारणासाठी आणि कधी हजर राहायला सांगितले. समोरून ते नाकारले गेले नाही, तर हीच तुमची नोंद होते.

रजेवर असताना फोन सतत चालू ठेवण्याचे बंधन नेमणूकपत्रात नसेल, तर ते गृहीत धरता येत नाही. आदेश पोहोचलाच नाही तर त्याची हेतुपुरस्सर अवज्ञा होत नाही. पण संदेश वाचल्याची खूण दिसत असताना "पोहोचला नाही" असे म्हणणे चौकशीत तुमच्या इतर खऱ्या म्हणण्यालाही बाधा आणते.

मी परत गेलो नाही, तर नोकरीवरून काढता येईल का?

थेट काढता येत नाही, पण शिस्तभंगाच्या कारवाईचा धोका खरा आहे. आदेश वाजवी असेल आणि तुम्ही काहीही न कळवता गैरहजर राहिलात, तर शोकॉज नोटीस, आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशी होऊ शकते. म्हणून आमचा सल्ला असा की शक्य असेल तर हरकत नोंदवून कामावर जावे, आणि शक्य नसेल तर का शक्य नाही हे त्याच दिवशी पुराव्यासह कळवावे. सर्वांत वाईट पर्याय गप्प बसण्याचा आहे.

दुसऱ्या बाजूला, काही कारखाने अशा वेळी "तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली असे समजून नाव पटावरून कमी केले आहे" असे पत्र पाठवतात. हे इतके सोपे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये जी. टी. लाड प्रकरणात म्हटले की नोकरी सोडणे हा हेतूचा प्रश्न आहे; केवळ गैरहजेरीवरून तो हेतू गृहीत धरता येत नाही. 1993 मध्ये डी. के. यादव प्रकरणात आठ दिवसांहून जास्त गैरहजेरीमुळे स्थायी आदेशानुसार आपोआप नोकरी गेली, असे मालकाचे म्हणणे होते, तर कामगाराचे म्हणणे असे की आपल्याला गेटवरच अडवले. न्यायालयाने चौकशीविना केलेली ही कृती नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध ठरवली आणि कामगाराला निम्म्या मागील वेतनासह कामावर घेण्यास सांगितले.

सरकारी नोकराच्या बाबतीतील 2012 च्या कृष्णकांत परमार प्रकरणातही न्यायालयाने हे स्पष्ट केले की गैरहजेरी आणि हेतुपुरस्सर गैरहजेरी एक नव्हेत; आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे माणूस येऊ शकला नाही, तर ती गैरवर्तणूक ठरत नाही. कोल्हापूरला हे वेगळे समजावून सांगायला नको. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि वाहतूक बंद झाली. अशा दिवसांत परगावाहून परत बोलावलेला कामगार पोहोचू शकला नाही, तर बंद रस्त्याची बातमी, बसस्थानकावरील सूचना किंवा रद्द झालेल्या गाडीचा संदेश जपून ठेवावा.

कोणत्या रजेला मालकाला हात लावता येत नाही?

प्रसूती रजा पहिली. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत त्या स्त्रीला कामावर ठेवण्यासच कायद्याने मनाई आहे, त्यामुळे तिने स्वतः होकार दिला तरी मालकाला तिला कामावर घेता येत नाही. प्रसूती रजेच्या काळात तिला नोकरीवरून काढणे बेकायदेशीर आहे.

दुसरी आजारपणाची. राज्य विमा योजनेचा आजारपण लाभ घेणारा कामगार त्याच दिवशी काम करू शकत नाही. काम केले तर त्या दिवसाचा लाभ जातो. विमा डॉक्टरांनी अयोग्य ठरवलेल्या माणसाला केवळ फोनवर बोलावून भट्टीसमोर उभे करणारा व्यवस्थापक अपघात झाल्यास फार मोठी जबाबदारी ओढवून घेतो. अशा कामगाराने फिटनेसचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत हजर राहू नये आणि तसे प्रमाणपत्राच्या प्रतीसह कळवावे.

हरकत नोंदवून हजर होताना नेमके काय लिहावे?

लांब पत्राची गरज नाही. साधारण असा मजकूर पुरतो:

"मला दिनांक अमुक ते अमुक अशी नऊ दिवसांची भरपगारी रजा मंजूर झाली होती. आज आपल्या फोनवरील आदेशानुसार मला रविवारी सकाळच्या पाळीला हजर राहण्यास सांगितले आहे. मी हरकत राखून हजर होत आहे. कृपया रजा रद्द करण्याचे कारण लेखी कळवावे, न वापरलेले चार दिवस माझ्या रजेच्या खात्यावर जमा करावेत, परतीच्या प्रवासाचा दिवस कामाचा धरावा, आणि सोबत जोडलेल्या तिकिटांची रक्कम भरून मिळावी. उरलेली रजा मला अमुक तारखेपासून हवी आहे."

शेवटचे वाक्य बहुतेक जण लिहायचे विसरतात. नवी तारीख दिली नाही, तर "रजा नंतर कधीतरी देऊ" या उत्तरावर प्रकरण संपते. तारीख दिली, तर तो नवा अर्ज होतो आणि पुन्हा नकार आल्यास त्याची स्वतंत्र नोंद होते. पत्राची पोच सही-शिक्क्यासह घ्यावी. टाइम ऑफिसने पोच दिली नाही, तर कारखान्याच्या ईमेलवर पाठवावे किंवा रजिस्टर पोस्टाने धाडावे.

तक्रार कुठे करायची?

पहिला टप्पा कारखान्यातील तक्रार निवारण समिती किंवा युनियन. रजेच्या खात्यातून दिवस गायब होणे, बदली सुट्टी न देणे यांसारख्या बाबी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकाकडे लेखी नेता येतात, कारण त्यांना रजेची आणि हजेरीची रजिस्टरे तपासता येतात. नोटीस, निलंबन किंवा बडतर्फीपर्यंत गोष्ट गेली, तर कामगार आयुक्तांचे कार्यालय आणि पुढे न्यायालय हा मार्ग आहे. तिथे जाण्यापूर्वी मंजूर अर्ज, रद्द करण्याचा संदेश, तुमचे उत्तर, हजेरीपट, पगारपत्रक आणि रजेच्या पुस्तकाचे पान हे सहा कागद एकत्र असावेत. मंजूर अर्जाची प्रत बहुतेकांकडे नसते. ती रजेवर जाण्याआधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली तरी पुरते.

मी दुकानात किंवा कार्यालयात काम करतो, किंवा सरकारी सेवेत आहे. माझे काय?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 लागू असलेल्या ठिकाणी रजा 45 दिवसांपर्यंत साठते, आणि 15 दिवस आधी मागितलेली हक्काची रजा मालकाने नाकारली, तर 45 च्या वरची रजा रोखीत घेण्याचा हक्क मिळतो. किरकोळ रजा वर्षअखेरीस संपते, म्हणून ती रद्द झाली तर त्याच वर्षात पुन्हा मागावी.

सरकारी सेवेत स्थिती उलटी आहे. तिथे रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही आणि सेवेच्या गरजेसाठी सक्षम अधिकारी मंजूर रजाही मागे घेऊ शकतो, हे नियमांतच लिहिलेले आहे. पण केंद्र सरकारच्या 1972 च्या रजा नियमांत त्याच्या जोडीला संरक्षणही आहे: रजेवरून बोलावलेला कर्मचारी भारतात असेल, तर कामाच्या ठिकाणाकडे निघाल्याच्या तारखेपासून तो कामावर आहे असे मानले जाते आणि त्या प्रवासाचा भत्ता त्याला मिळतो. खाजगी कारखान्याशी करार करणाऱ्या युनियनने आपल्या पुढच्या मागणीपत्रात हेच दोन मुद्दे, परतीचा दिवस कामाचा आणि परतीचा खर्च मालकाचा, जसेच्या तसे घालावेत.